कवडसे कुठे पडतात

जाळीच्या भिंतीमागच्या खोलीचं एआयने काढलेलं चित्र समोर आलं, की मी आधी जाळीकडे बघत नाही. समोरच्या भिंतीवरचे कवडसे बघतो. जाळीतल्या भोकाइतकाच कवडसा भिंतीवर दिसतोय, की त्याच्या दुप्पट? बहुतेक वेळा दुप्पट असतो, कधी तिप्पट. सूर्य इतका लांब आहे, की त्याचे किरण खोलीत शिरताना समांतरच शिरतात. त्यामुळे जाळीला समांतर असलेल्या भिंतीवर नक्षी पडते ती त्याच मापाची. मोठी नाही, लहान नाही, वाकडीही नाही. कवडसे फुगलेले दिसले तर समजायचं, की चित्रातल्या सूर्याऐवजी जाळीला खेटून कोणीतरी दिवा लावून ठेवलाय.

आम्ही वास्तुविशारदांसाठी चित्रं करतो. पूर्वी सगळं मॉडेल बांधून, रात्रभर रेंडर लावून व्हायचं. आता प्राथमिक टप्प्यावर, ग्राहकाला कल्पना दाखवायची असते तेव्हा, प्रतिमा तयार करणारं एआय वापरलं जातं. त्यात जाळी आली की हमखास गडबड होते. हे एआयचं मॉडेल प्रकाशाचा हिशेब करतच नाही. शिकताना पाहिलेल्या असंख्य चित्रांमध्ये जाळी आणि ऊन शेजारी कसे दिसत होते, तेवढं ते जुळवून देतं. तुम्ही ‘dramatic shadows’ लिहिलंत की तुम्हाला नाट्य मिळतं. सावल्यांचं गणित त्यात आपसूक येत नाही. म्हणून कवडसे कुठे, कोणत्या आकारात आणि कोणत्या दिशेने पडणार हे आपण सांगायचं. ते सांगायचं तर आधी आपल्याला ठाऊक हवं.

पुण्यातली एक खोली घेऊ. पश्चिमेची भिंत पूर्ण जाळीची, ३.६ मीटर रुंद, जमिनीपासून २.४ मीटर उंच. खोली आत ४.२ मीटर खोल. जाळी पांढऱ्या काँक्रीटची, ५० मिलिमीटर जाड. भोकं शंकरपाळ्याच्या आकाराची, टोकापासून टोकापर्यंत १५० मिलिमीटर, दर २०० मिलिमीटरला एक. म्हणजे आडव्या ओळीत अठरा. वेळ डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातली, दुपारचे साडेचार.

त्या वेळी पुण्यात सूर्य क्षितिजापासून सुमारे १८ अंश वर असतो, आणि बरोबर पश्चिमेला नसतो. तो पश्चिमेपासून साधारण ३३ अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो. पश्चिमेची खोली म्हणजे संध्याकाळचं ऊन समोरून येणार, असं आपण सहज धरून चालतो आणि तिथेच फसतो. हिवाळ्यात हे ऊन तिरपं येतं. आत येता येता ते उत्तरेकडे सरकतं. एक मीटर आत गेलं की सुमारे ६६ सेंटिमीटर उत्तरेला. आणि प्रत्येक मीटरमागे सुमारे ३९ सेंटिमीटर खाली उतरतं. स्केचअप किंवा ब्लेंडर या त्रिमितीय मॉडेल बांधायच्या सॉफ्टवेअरमध्ये गाव, तारीख आणि वेळ दिली की हे कोन मिळतात. पुढचं सगळं या दोन आकड्यांवर उभं आहे.

आता एकेक भोक धरून किरणामागे चालत जाऊ. जमिनीपासून ६० सेंटिमीटरवरचं भोक घ्या. त्याचा कवडसा जाळीपासून दीड मीटर आत आणि एक मीटर उत्तरेला जमिनीवर पडेल. १.२ मीटरवरच्या भोकाचा तीन मीटरच्या थोडा पुढे आणि दोन मीटर उत्तरेला. साधारण १.६ मीटरच्या वरची भोकं जमिनीला लागतच नाहीत, त्यांचे किरण मागच्या भिंतीपर्यंत जातात. पण तिथवर पोचेपर्यंत ते उत्तरेला पावणेतीन मीटर सरकलेले असतात आणि खोली तर ३.६ मीटरच रुंद आहे. मग जाळीच्या दक्षिण टोकाच्या जेमतेम ८५ सेंटिमीटर पट्ट्यातलं ऊनच मागच्या भिंतीला भेटतं. उरलेलं वाटेतच उत्तरेच्या भिंतीवर आदळतं.

म्हणजे या खोलीत नक्षीची खरी भिंत बाजूची, उत्तरेची. दक्षिणेच्या भिंतीवर एकही थेट कवडसा नाही. जमिनीवरही जाळीच्या दक्षिण कोपऱ्यापासून निघून तिरपी आत जाणारी एक सरळ सीमा दिसेल. तिच्या एका बाजूला कवडसे आणि दुसऱ्या बाजूला नुसती सावली. एआयच्या चित्रांत हा रिकामा त्रिकोण जवळपास कधीच नसतो. ते दोन्ही बाजूच्या भिंतींवर सारखी नक्षी शिंपडतं, कारण सममित चित्र छान दिसतं. एकाच सूर्याचं ऊन एकाच जाळीतून येऊन समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर एकदम पडू शकत नाही. चित्र नाकारायला मला एवढं एक कारण पुरतं.

प्रत्येक पृष्ठभागावर नक्षी वेगळी ओढली जाते. मागच्या भिंतीवर जशीच्या तशी. जमिनीवर ती आतल्या दिशेने अडीच पटींहून थोडी जास्त ताणली जाते. जाळीतल्या आडव्या ओळी जाळीला समांतरच राहतात, पण उभे स्तंभ तिरपे होऊन उत्तरेकडे झुकतात. बाजूच्या भिंतीवर याच्या उलट. तिथे उभे स्तंभ उभेच राहतात आणि आडव्या ओळी जाळीपासून आत जाताना २१ अंशांनी खाली उतरतात. ही उतरती ओळ मला फार आवडते. खऱ्या घरात आपण ती हजारदा पाहिलेली असते, पण काढायला सांगितलं तर निम्मे लोक आडवीच काढतील.

आता जाडी. कागदावर जाळी म्हणजे भोकं पाडलेला पुठ्ठा, पण प्रत्यक्षात प्रत्येक भोक ही एक छोटी नळी असते. ऊन तिरपं आलं की नळीच्या कडा त्याचा काही भाग खातात. आपल्या जाळीत ५० मिलिमीटर जाडीत किरण ३३ मिलिमीटर बाजूला आणि १९ मिलिमीटर खाली सरकतो. बाहेरच्या कडेचं शंकरपाळं आणि आतल्या कडेचं शंकरपाळं तेवढं एकमेकांवरून सरकवून बघा. दोघांत जे सामाईक उरतं तेवढंच ऊन आत येतं. ते क्षेत्र भोकाच्या साठ टक्क्यांच्या आसपास भरतं, आणि त्याचा आकारही चौरस राहत नाही, कलता आयत होतो. म्हणून खऱ्या कवडशात जाळीची नक्षी थोडी बारीक, एका अंगाला दबलेली दिसते. मागच्या भिंतीवर जशीच्या तशी म्हटलं ते या दबलेल्या आकाराबद्दल. वास्तुविशारद लॉरी बेकर यांच्या विटांच्या जाळ्यांमध्ये हे टोकाला जातं. भिंत साडेचार इंच जाड आणि फट तिच्यापेक्षा लहान असली, की ऊन जरा उंच चढलं तरी आत येतो तो नुसता उजेड. कवडसे नाहीतच. विटांची जाळी सांगून धारदार नक्षी मागणं म्हणजे दोन वेगळ्या इमारती एकाच चित्रात मागणं आहे.

धार हा यातला सगळ्यात गैरसमजाचा भाग आहे. ‘sharp shadows’ लिहिलं की मॉडेल पाच मीटर लांबच्या भिंतीवरही ब्लेडने कापल्यासारखी कड काढतं. सूर्य हा बिंदू नाही. आकाशात तो साधारण अर्ध्या अंशाची तबकडी आहे. म्हणून प्रत्येक सावलीच्या कडेला एक मऊ पट्टा असतो, आणि त्याची रुंदी किरणाने जाळीपासून कापलेल्या अंतराच्या सुमारे एकशेसाताव्या भागाइतकी. दोन मीटरला १९ मिलिमीटर, पाच मीटरला ४७. आपल्या खोलीत जाळीजवळच्या जमिनीवर कडा स्पष्ट दिसतील, मागच्या भिंतीवर त्या बऱ्याच विरघळलेल्या असतील. १५० मिलिमीटरचं भोक हे सोसतं. पण २५ मिलिमीटरची नाजूक भोकं घेतलीत तर पावणेतीन मीटरच्या आसपास मऊ पट्टाच भोकाएवढा होतो. मग शंकरपाळं असो की चांदणी, भिंतीवर उमटतो तो गोल ठिपका. तो ठिपका म्हणजे सूर्याचीच प्रतिमा. २६ डिसेंबर २०१९च्या सकाळी महाराष्ट्रात खंडग्रास ग्रहण होतं, तेव्हा झाडाखाली उभं राहिलेल्यांनी पानांच्या फटींतून जमिनीवर पडलेल्या शेकडो चंद्रकोरी पाहिल्या. फटींचे आकार वेडेवाकडे आणि कवडसे सगळे कोरीचे, ते याच कारणाने.

म्हणून बारीक कोरीव संगमरवरी जाळीचं आणि लांबवरच्या धारदार नक्षीचं जमत नाही. त्या जाळ्या ऊन गाळून मऊ करायला होत्या, वारा आत घ्यायला होत्या. मॉडेल मात्र ‘jaali’ हा शब्द दिसला, की कमानी, गुलाबी दगड आणि दरबारी बारीक नक्षी घेऊन येतं. मी आता तो शब्द प्रॉम्प्टमध्ये टाळतो आणि वस्तूचं वर्णन करतो: काँक्रीटचा पडदा, मोठी भोकं, अमुक आकार, अमुक संख्या. आपल्या जुन्या सोसायट्यांच्या जिन्यात सिमेंटच्या ठोकळ्यांची जाळी असते ना, धारदार कवडशांना ती जास्त जवळची. भोक मोठं, नक्षी साधी.

भोक मोठं ठेवायला आणखी एक कारण आहे, आणि ते सूर्याचं नाही, मॉडेलचं आहे. स्टेबल डिफ्यूजनसारखी मॉडेलं पूर्ण चित्रावर थेट काम करत नाहीत. ती चित्राची आठपट लहान केलेली आतली आवृत्ती हाताळतात आणि शेवटी ती फुगवतात. १०२४ पिक्सेलच्या चित्रात जाळीने निम्मी रुंदी व्यापली, तर आपल्या अठरा भोकांपैकी प्रत्येकाला सुमारे २८ पिक्सेल मिळतात. तेवढ्यात आकार टिकतो. त्याच जागेत शंभर बारीक भोकं कोंबली, तर एकेकाला पाचच पिक्सेल. म्हणजे आतल्या आवृत्तीत एका घरापेक्षाही कमी. मग नक्षी वितळते, मधल्या ओळी एकमेकींत मिसळतात, आणि जी नक्षी जाळीवरच धड नाही ती जमिनीवर कुठून येणार? अशा वेळी प्रॉम्प्ट कितीही घासला तरी उपयोग होत नाही. भोकं कमी करायची किंवा कॅमेरा जवळ न्यायचा.

आपल्या खोलीसाठी कॅमेरा मी मागच्या दक्षिण कोपऱ्यात ठेवीन आणि वायव्येकडे बघेन. डावीकडे जाळी, उजवीकडे उत्तरेची भिंत, मध्ये जमीन. ज्या कोपऱ्यात मी उभा, तोच सावलीचा त्रिकोण. मग प्रॉम्प्ट साधारण असा होतो:

```
interior photo, empty room, late afternoon, low winter sun
left wall: white concrete screen, 50 mm thick, floor to 2.4 m,
large diamond openings, 18 per row, plain grid
single hard sun outside the screen, upper left, no lamps
floor: same diamonds stretched long, drifting to the right
right wall: same diamonds, rows sloping down away from screen
foreground floor: plain even shade
edges crisp near the screen, softer farther away
plain grey polished floor, plain white walls
```

यात विशेषणं जवळजवळ नाहीत. प्रत्येक पृष्ठभागाला त्याची ओळ आहे, आणि जिथे नक्षी नको तेही सांगितलंय. ‘same diamonds’ मुद्दाम पुन्हा पुन्हा लिहिलंय, नाहीतर जाळीत शंकरपाळी आणि जमिनीवर षटकोन अशी चित्रं येतात. नको असलेल्या वस्तू मात्र या मजकुरात शक्यतो लिहू नयेत. ‘no lamps’ एवढं एकच मी ठेवतो, आणि तेही कधी कधी उलटतं, कारण ‘दिवा नको’मधला दिवा मॉडेलला नकारापेक्षा जास्त ठळक ऐकू येतो. पानांच्या सावल्या, कंदील, कमानी, पडदे यांची यादी नकारात्मक प्रॉम्प्टच्या वेगळ्या रकान्यात द्यावी, किंवा मिडजर्नीत `--no` नंतर.

इतकं करून दिशा बरीचशी सुधारते, एकच सूर्य मिळतो, सावलीचा त्रिकोणही कधीतरी मिळतो. अचूकता मिळत नाही. ‘२१ अंश’ लिहून बघा. मॉडेलला तो आकडा कोन म्हणून कळत नाही, उतार असा काहीसा भाव तेवढा पोचतो. कल्पनाचित्र हवं असेल तर हे चालून जातं. पण ग्राहक ‘संध्याकाळी सोफ्यावर ऊन येईल का?’ असं विचारणार असेल, तर सावली मागायची नाही, आपणच द्यायची.

ती देण्याची रीत जुनीच आहे. ब्लेंडरमध्ये खोलीचा खोका बांधायचा, जाळी जाडीसकट बसवायची, सूर्याचा दिवा हिशेबाच्या कोनात लावायचा आणि त्याचा `Angle` अर्ध्या अंशाच्या आसपास ठेवायचा, म्हणजे कडांचा मऊपणा खरा येतो. स्केचअपची नेहमीची सावली सगळीकडे सारखीच कडक असते, ती दिशेसाठी ठीक. रंग, पोत काही नको. मातीच्या खेळण्यासारखा करडा रेंडर पुरे, त्याला फार वेळ लागत नाही. मग हे चित्र मूळ प्रतिमा म्हणून मॉडेलला द्यायचं आणि बदलाचं प्रमाण, ज्याला तिथे `denoising strength` म्हणतात, ०.३५च्या आसपास ठेवायचं. फार कमी ठेवलं तर माती मातीच राहते. अर्ध्याच्या पुढे गेलं की मॉडेल स्वतःचे कवडसे शोधायला लागतं.

सोबत कंट्रोलनेट लावणारे बरेच आहेत. हे तंत्र २०२३ मध्ये आलं, चित्राचा सांगाडा पकडून ठेवायला ते उत्तम. पण कोणता सांगाडा देताय ते बघावं लागतं. ऑफिसातली एक नवी मुलगी वैतागून म्हणाली, “दादा, मी `Depth` दिलंय तरी सावल्या हव्या तशा येत नाहीत.” येणार कशा? `Depth` नकाशात कुठली वस्तू किती लांब तेवढंच असतं. सावलीला जाडी नसते, म्हणून त्या नकाशात जमीन कोरीच असते. `Canny` कडा पकडतं, सावलीच्या कडाही पकडतं, पण ती कड सावलीची आहे हे त्याला माहीत नसतं. मग मॉडेल त्या रेषा जमिनीतल्या नक्षीकामाच्या समजतं आणि कवडशांच्या जागी सुंदर काळ्या-पांढऱ्या फरश्या बसवून देतं. पहिल्यांदा बघताना हे लक्षातही येत नाही. उपाय म्हणजे कडांचा जोर कमी ठेवायचा, उजेड-अंधार मूळ करड्या चित्रातून येऊ द्यायचा, आणि फरशी साधी, एकरंगी असल्याचं मजकुरात लिहायचं.

फरशी की कवडसा हे ओळखायला खोलीत एखादी वस्तू ठेवावी. जमिनीवरची नक्षी सोफ्याच्या पायाशी आली की खरा कवडसा तिथे मोडतो, सोफ्याच्या अंगावर चढतो, बैठकीवर पुन्हा आडवा होतो, आणि सोफ्यामागे सोफ्याची सावली पडते तिथे नक्षी नसते. फरशी असेल तर ती सोफ्याखालून सरळ जाते. म्हणून मी सामान नंतर रंगवून टाकत नाही. आधीच्या करड्या खोक्यातच सोफ्याच्या जागी एक ठोकळा ठेवतो. तयार चित्रात नंतर खुर्ची घुसवली, तर तिच्यावर ऊन पडत नाही, ती कवडशांवर तरंगते.

शेवटची तपासणी छापील प्रतीवर, पट्टी घेऊन. जाळीतलं एक ठळक भोक आणि त्याचा कवडसा यांना जोडणारी रेघ ओढायची. तशी आणखी दोन-तीन भोकांची. कोपऱ्यातलं भोक घेतलं तर जोडी ओळखायला सोपी जाते. सगळ्या रेघा वाढवल्यावर एकाच बिंदूकडे जायला हव्यात. तो बिंदू म्हणजे चित्रातली सूर्याची जागा. आपल्या कॅमेऱ्यात तो डावीकडे, चौकटीच्या बराच बाहेर येतो, त्यामुळे रेघा जवळजवळ समांतर दिसतात. एखादी रेघ भलतीकडे गेली तर त्या भागात मॉडेलने आपल्या मनाचा सूर्य आणलाय. तेवढाच भाग करड्या चित्रावरून पुन्हा काढून घ्यायचा.

हे सगळं जमलं की मागण्या येतात. परवा एकाने उत्तरेच्या जाळीसाठी असंच चित्र मागितलं, दिवाळीच्या सुमारास फ्लॅट दाखवायचे होते म्हणून दिवाळीतल्या दुपारचं. पुण्यात सूर्य माध्यान्हीला डोक्याच्या उत्तरेला जातो तो साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत. त्यातला जून-जुलै बहुतेक ढगांत जातो. मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सकाळ-संध्याकाळ थोडं तिरपं ऊन उत्तरेला लागतं. दिवाळीत काहीच नाही. मी त्यांना मेच्या शेवटच्या आठवड्यातली संध्याकाळ काढून दिली आणि चित्राच्या कोपऱ्यात तारीख-वेळ छापली. तारीख काढून टाका, असा निरोप आला. तारीख ठेवायची नसेल तर चित्रातलं ऊनही काढतो, असं कळवलं.